अल्बममधला चेहरा मुलीचाच राहावा म्हणून

लग्नाचे फोटो निवडून झाले की छपाईला जाण्याआधी ते एका टेबलावरून जातात. हे टेबल बहुतेक वेळा फोटोग्राफरचे नसते, अल्बम डिझाइन करणाऱ्याचे असते, आणि लग्नसराईत त्याच्यापुढे एकाच वेळी कितीतरी घरांची कामे येऊन पडलेली असतात. नवरीला त्याने कधी पाहिलेले नसते. तिच्या ओठावरचा ठिपका जन्मापासूनचा तीळ आहे की पसरलेले काजळ आहे, तिचा रंगच गव्हाळ आहे की हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांनी तसा दिसतो आहे, हे कळायला त्याला मार्ग नसतो. सोबत फक्त 'रिटचिंग छान करा' एवढाच निरोप आला, तर तो सवयीप्रमाणे काम उरकतो. त्वचा गुळगुळीत होते, रंग दोन छटा उजळतो आणि डोळ्यांखालचा भाग पांढरा होतो. मुलीचे वडील फोटोग्राफरला पत्र लिहून बेताचे, नैसर्गिक वाटेल असे रिटचिंग मागतात ते याच टप्प्यावर. ज्याने मुलीला पाहिलेले नाही त्याला तिचा चेहरा ओळखता येईल एवढी माहिती पुरवणे, हे त्या पत्राचे काम.

'फोटो नैसर्गिक ठेवा' एवढे लिहून भागत नाही. दिवसभर पूर्ण गुळगुळीत चेहरे पाहणाऱ्या माणसाला थोडा कमी गुळगुळीत चेहराही नैसर्गिकच वाटतो. म्हणून फोटोचा नंबर, चेहऱ्यावरची जागा, तिथे काय करायचे आणि काय करायचे नाही, हे चारही तपशील पत्रात यावे लागतात. शिवाय पत्र वडिलांनी लिहिले तरी चेहरा मुलीचा आहे. फोटोग्राफरला आगाऊ रक्कम देणे, तारखा ठरवणे ही कामे वडिलांनी केलेली असतात, म्हणून पत्रही त्यांच्याच हातून जाते. पण वडिलांना जी खूण लहानपणीची आठवण वाटते, ती मुलीला नको असू शकते. त्यामुळे यादी आधी तिच्यासमोर ठेवावी आणि मतभेद झाला तर तिचा शब्द अखेरचा धरावा.

मे महिन्यात एका हॉलमध्ये झालेल्या लग्नाचे असे पत्र नमुन्यादाखल पुढे दिले आहे.

श्री. …… यांस,

स. न. वि. वि.

आम्ही अल्बमसाठी १४० फोटो निवडले आहेत. नंबरांची यादी सोबत जोडली आहे. फोटो मनासारखे आले आहेत. रिटचिंगबद्दल मुलीशी बोलूनच हे पत्र लिहीत आहे.

लग्नाच्या आठवड्यात तिच्या कपाळावर आणि उजव्या गालावर पुटकुळ्या आल्या होत्या, त्या काढाव्यात. वरच्या ओठाजवळ तिच्या डाव्या बाजूला तीळ आहे आणि हनुवटीवर लहानपणी पडल्याची बारीक खूण आहे. या दोन्ही प्रत्येक फोटोत राहू द्याव्यात. डोळ्यांखालची काळी वर्तुळे पूर्ण घालवू नयेत, जागरण जाणवणार नाही इतपत हलकी करावीत.

तिचा रंग गव्हाळ आहे. तो उजळू नये. रंग जुळवण्यासाठी DSC_2087 पाहावा. सकाळी हॉलच्या व्हरांड्यात, सावलीत काढलेल्या या फोटोत तिचा रंग जसा आहे तसा आला आहे.

DSC_2310 ते DSC_2342 या फोटोंत होमाच्या धगीने कपाळ आणि नाक चमकते आहे. ही चमक थोडी कमी करावी. पाठवणीच्या फोटोंत डोळे लाल आहेत, काजळ पसरले आहे. तिथे काहीही करू नये.

चेहरा, दंड, कंबर बारीक करू नये. माझ्या आईच्या चेहऱ्याला कोणत्याही फोटोत हात लावू नये.

सगळे काम सुरू करण्याआधी DSC_2087, DSC_2326 आणि DSC_2415 हे तीन फोटो करून दाखवावेत. पसंत पडले की त्याच बेताने पुढचे करावेत. मूळ फाइल्स न बदलता वेगळ्या ठेवाव्यात. या कामाचे वेगळे पैसे होणार असतील तर आधी सांगावे.

कळावे.
आपला,
……

पत्रातली पहिली मागणी पुटकुळ्यांची आहे, आणि बेताच्या रिटचिंगचा मूळ नियम तिच्यातच आहे. जे पंधरा दिवसांनी आपोआप गेले असते ते काढावे, जे माणसासोबत कायम असते ते ठेवावे. पुटकुळी, डासाचा चावा, मुंडावळ्यांच्या दोऱ्याचा कपाळावर उठलेला वळ, हातावरचा खरचटा हे पहिल्या गटातले. तीळ, जुनी खूण, गालावरची खळी, किंचित वाकडा दात हे दुसऱ्या गटातले. ठेवायच्या गोष्टी पत्रात वेगळ्या सांगाव्या लागतात, कारण रिटच करणाऱ्याच्या हातातल्या साधनाला दोन्ही सारख्याच दिसतात. फोटोशॉपमध्ये २००२ साली आलेला हीलिंग ब्रश शेजारच्या चांगल्या त्वचेचा पोत उचलतो, डागाच्या जागी ठेवतो आणि त्या जागेच्या उजेडाशी आणि रंगाशी मिसळून टाकतो. पुटकुळी जाते आणि तिथली रंध्रे मात्र दिसत राहतात. पुटकुळ्यांसाठी याहून चांगला उपाय नाही. पण तीळही त्याच एका टिचकीने जातो.

फिल्मच्या काळात हे काम निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने होत असे. छापलेल्या फोटोत जो डाग काळा दिसतो तो निगेटिव्हवर फिकट असतो. त्या फिकट ठिपक्यात शिशाचे बारीक बिंदू भरत गेले की छापताना डाग नाहीसा होई. एकेका ठिपक्याला एवढी मेहनत पडत असल्याने खटकणाऱ्या जागाच हाताळल्या जात. आज सबंध चेहरा बदलायला एका पुटकुळीपेक्षा जास्त वेळ लागत नाही, त्यामुळे कुठे थांबायचे ते बाहेरून सांगावे लागते.

तिळाच्या बाबतीत आणखी एक चूक वारंवार होते. डिझायनर पानाची मांडणी साधण्यासाठी एखादा फोटो आरशातल्यासारखा उलटा करतो, म्हणजे नवरीचे तोंड पानाच्या आतल्या बाजूला येते. पानाला ते शोभते, पण ओठाजवळचा तीळ डावीकडून उजवीकडे जातो आणि डाव्या नाकपुडीतली नथ उजवीत दिसू लागते. मागच्या फलकावरची अक्षरेही उलटी होतात, मात्र ती बहुधा पुसट असतात आणि नजरेतून सुटतात. पत्रात 'तिच्या डाव्या बाजूला' असे स्पष्ट लिहिलेले असले की ही चूक लगेच पकडता येते. अल्बमचे नमुना-पान हाती आले की आधी नथ पाहावी.

त्यानंतर त्वचेचा पोत. हल्लीच्या अल्बमची उघडलेली शीट १२ बाय ३६ इंचांपर्यंत असते. तिच्यावर नवरीचा क्लोजअप पसरला की चेहरा खऱ्या चेहऱ्यापेक्षा मोठा छापला जातो आणि गालावरची बारीकशी पुटकुळी ठळक दिसते. उलट पन्नास माणसांच्या ग्रुप फोटोत तोच चेहरा जेमतेम अर्ध्या-पाऊण इंचाचा असतो. तिथे पुटकुळी डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे रिटचिंगची गरज नसते. म्हणजे १४० फोटोंपैकी बारकाईचे काम लागते ते वीस-पंचवीस मोठ्या क्लोजअपनाच. प्रत्यक्षात घडते ते वेगळे. एकच सेटिंग सगळ्या फोटोंवर, सगळ्या चेहऱ्यांवर चालवली जाते. तिने त्वचा धूसर होते, आणि त्वचेसोबत गालावर टेकवलेल्या तळहाताची मेंदीही पुसट होते. मेंदीच्या रेषांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसल्या, तर चेहऱ्यावरही तेच झाले आहे असे खुशाल समजावे.

जाणकार रिटचर फोटोचे दोन थर करतो. खालच्या थरात रंग आणि उजेड-सावलीचे मोठे डाग असतात, वरच्यात रंध्रे, बारीक केस, सुरकुत्यांच्या रेषा. गालावरची लाली किंवा काळसर पट्टा खालच्या थरात सौम्य करता येतो आणि वरचा थर तसाच राहतो, म्हणून त्वचा त्वचेसारखीच दिसते. डोळ्यांखालची वर्तुळेही अशीच हलकी होतात. ती पूर्ण का घालवू नयेत, याला कारण आहे. डोळ्याखाली प्रत्येकाला थोडा खोलगट भाग असतो आणि त्याची सावली जागरणाशी संबंधित नसते. तीही पुसली की डोळा सपाट गालावर चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून रिटचर आधी वर्तुळे पूर्ण काढतो आणि मग तो थर साधारण निम्मा पारदर्शक करतो. जागरण जाते, खोलगटपणा राहतो.

पत्रातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद रंगाचा आहे. नवरीला गोरी करणे हा आपल्याकडच्या अल्बमचा जुना रोग आहे, आणि तो इतका अंगवळणी पडला आहे की कोणी सांगितले नाही तरी केला जातो. गव्हाळ मुलगी स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये परक्या रंगाची दिसते आणि पुढे तिची मुले तो अल्बम पाहतात, ही साधी गोष्ट नव्हे. हे कसे घडते ते समजले तर ओळखताही येते. बहुतेक प्रकारच्या त्वचेचा रंग, गोरी असो वा सावळी, संगणकाच्या दृष्टीने नारिंगी पट्ट्यात पडतो. रंगदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाचा उजेड वेगळा वाढवण्याची सोय असते. नारिंगीची पट्टी थोडी सरकवली की सगळ्या फोटोंतली त्वचा एकदम उजळते. मात्र त्या पट्ट्यात फक्त त्वचा नसते. सोने, शालूची जर, तोरणातला केशरी झेंडू, समईचे पितळ हेही तिथेच असते. त्यामुळे नवरी गोरी होते तेव्हा तिचे दागिने फिके पडतात आणि झेंडू पांढुरका दिसतो. रंग बदलला आहे का, असा संशय आला तर चेहऱ्याकडे पाहू नये. पाटल्या आणि तोरण पाहावे, ते खरे सांगतात.

याचा अर्थ रंगाला हातच लावायचा नाही असा नव्हे. मांडवाचे गुलाबी कापड, पिवळे दिवे, स्टेजवरचे जांभळे एलईडी यांचा रंग चेहऱ्यावर पडतो आणि तो काढावाच लागतो. योग्य मार्ग असा, की त्वचेला न हात लावता त्याच फोटोतली खात्रीची पांढरी किंवा करडी वस्तू निवडायची, ती पांढरी दिसेल इतका सगळा फोटो दुरुस्त करायचा, आणि मग त्वचा आपोआप आपल्या रंगावर येते. कन्यादानाच्या फोटोत यासाठी वडिलांचे पांढरे धोतर चांगले उपयोगी पडते. एक अडचण मात्र आहे. नीळ दिलेले कापड कॅमेऱ्याला निळसर दिसते. ते पांढरे धरून दुरुस्ती केली की सगळा फोटो पिवळट होतो. म्हणूनच पत्रात व्हरांड्यातल्या सावलीतला फोटो नमुना म्हणून दिला आहे. सावलीतला दिवसाचा उजेड एकसारखा असतो, त्यात रंगीत दिव्यांची भेसळ नसते. डिझायनर तो फोटो पडद्याच्या एका कोपऱ्यात उघडा ठेवून बाकीचे त्याच्याशी जुळवू शकतो.

हळदीचे फोटो याला अपवाद. पिवळे कपडे, पिवळा मांडव आणि अंगावर हळद, म्हणजे हनुवटीखालीही पिवळाच उजेड पडतो. तो पूर्ण काढायला गेले तर हळदच मातकट होते. हे फोटो पिवळेच चांगले. दुसऱ्या दिवशीच्या विधींत केसांच्या कडेला किंवा मानेवर हळदीचा जो पट्टा उरतो तो हवा तर तेवढ्याच जागी हलका करावा.

होमाजवळच्या फोटोंतली चमक हे वेगळे प्रकरण. मे महिन्यात, अग्नीसमोर, अंगावर शालू असताना कपाळ चमकणारच. त्या चमकेवर फ्लॅश पडला की काही ठिकाणी फोटो पूर्ण पांढरा होतो. म्हणजे कॅमेऱ्याने तिथे रंग किंवा पोत टिपलेलाच नसतो. फोटोग्राफरने रॉ फाइलमध्ये काम केले असेल तर त्यातला काही भाग परत मिळतो. फक्त जेपेग असेल तर मिळत नाही. अशा जागी रिटचर शेजारचा रंग भरतो आणि जास्त भरला तर कपाळावर मळकट, सपाट चकती दिसते. शिवाय चमक चेहऱ्याला उठाव देते. कपाळाचा गोलवा आणि नाकाचा दांडा तिच्यामुळेच कळतो. त्यामुळे पत्रात 'थोडी कमी करावी' असे लिहिले आहे ते बरोबर आहे.

पाठवणीचे फोटो जसेच्या तसे ठेवायला सांगणे हा या पत्रातला सर्वांत शहाणा निर्णय म्हटला पाहिजे. डोळ्यांचा पांढरा भाग शुभ्र करणे ही रिटचरची दुसरी सवय आहे. रडून लाल झालेले डोळे शुभ्र केले की ओढलेले ओठ आणि कोरडे डोळे एका चेहऱ्यावर येतात आणि पाहणाऱ्याला काहीतरी खोटे वाटते, मग कारण सांगता येवो वा न येवो. आजीच्या सुरकुत्यांचेही तसेच. सगळ्या चेहऱ्यांवर चालणारी सेटिंग वय ओळखत नाही. ऐंशी वर्षांची बाई तिच्यातून साठीची होऊन बाहेर पडते, आणि बहुतेक घरांत काही वर्षांनी भिंतीवर लावायला आजीचा फोटो याच अल्बममधून शोधला जातो.

बारीक करण्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे आणि ती पुरेशी आहे. कंबर किंवा दंड आत ढकलला की त्याच्यामागचे सगळेच ढकलले जाते. साडीचा सरळ काठ मध्येच लाटेसारखा वळतो, मांडवाचा खांब वाकतो, दंडावरची वाकी लांबट होते. सूचना असूनही हे केले आहे असे वाटले तर मागच्या सरळ रेषा तपासाव्यात.

तीन फोटो आधी करून मागण्यात पत्राची सगळी ताकद आहे. ते तीन फोटो सहज म्हणून निवडलेले नाहीत. एक सावलीतला, एक होमाच्या चमकेचा आणि एक पाठवणीचा, म्हणजे पहिल्यात रंग, दुसऱ्यात चमक आणि तिसऱ्यात न लावलेला हात तपासता येतो. मूळ आणि रिटच केलेला फोटो शेजारी ठेवून आधी मोठा करून पाहावा. गालावर रंध्रे दिसली पाहिजेत, तीळ आणि खूण जागेवर असली पाहिजे, चेहरा, मान आणि हात एकाच रंगाचे असले पाहिजेत. चेहरा उजळ आणि हात मूळ रंगाचे, असा फरक हटकून राहतो, कारण हातांकडे कोणी लक्ष देत नाही. मग फोटो लहान करून हाताच्या अंतरावरून पाहावा. पहिल्या नजरेत मुलगी दिसली तर काम बरोबर आहे, मेकअप दिसला तर नाही.

ही तपासणी फक्त मोबाइलवर करू नये. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो आणि बहुतेक वेळा रंगही जास्त भडक दाखवतो. छापलेले पान त्यामानाने गडद वाटते. मोबाइलवर पाहून 'आणखी उजळ करा' असा निरोप जातो आणि पुढे सगळी गडबड होते. अल्बमच्याच कागदावर नमुन्याची एक लहान प्रिंट मागावी आणि ती दिवसा खिडकीजवळ पाहावी. चकचकीत आणि मॅट कागदावर एकच चेहरा वेगळा दिसतो, म्हणून कागद तोच हवा.

मूळ फाइल्स वेगळ्या ठेवण्याच्या मागणीला कायद्याचाही आधार आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन कोणी स्वतःसाठी फोटो काढून घेतले, तर उलट करार नसल्यास त्या फोटोंचा पहिला हक्कदार काम सांगणारा असतो. फोटोग्राफरच्या छापील बिलावर किंवा करारावर वेगळी अट आहे का ते मात्र वाचून पाहावे. रिटचिंगची आवड दहा वर्षांत बदलते. मूळ फाइल हाती असेल तर फोटो पुन्हा नव्याने करता येतो, फक्त रिटच केलेली प्रत असेल तर पुसलेला तीळ परत आणता येत नाही.

पैशांची ओळही संकोच न करता लिहावी. एका मोठ्या क्लोजअपवर हाताने काम करायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि पॅकेजमधल्या 'रिटचिंग'मध्ये बहुधा सगळ्या फोटोंवर चालणारी सेटिंगच धरलेली असते. वीस फोटोंचे बारीक काम हवे असेल तर त्याचा मोबदला वेगळा ठरवणे दोघांनाही सोयीचे पडते. पत्र निवडीच्या यादीसोबतच द्यावे आणि छपाईची परवानगी शेवटची पाने पाहिल्यावर लेखी द्यावी. जाड शीटच्या अल्बममध्ये पाने पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. बांधणी झाल्यावर त्यातले एक पान बदलता येत नाही, पुष्कळदा सगळा अल्बम नव्याने करावा लागतो.